वॉशिंग मशीनला येणारा कुबट वास

समोरून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनमध्ये कुबट वास येतो, तो बहुधा चकचकीत ड्रममधून येत नाही. या ड्रमभोवती प्लास्टिकची एक टाकी असते आणि ती बाहेरून दिसत नाही. थंड पाण्यात नीट न विरघळलेली पावडर, कपड्यांतला तेलकट मळ आणि फॅब्रिक कंडिशनर यांचा राखाडी, बुळबुळीत थर तिच्या आतल्या बाजूला बसतो. त्यावर जिवाणू आणि बुरशी पोसली जाते. पाणी जड असेल तर क्षारांमुळे हा थर आणखी घट्ट होतो. धुतलेल्या काळ्या कपड्यांवर करडे कण दिसले, तर थराचे तुकडे सुटू लागले आहेत असे समजावे.

साफसफाई निचऱ्याच्या बाजूने सुरू करावी. मशीन बंद करून, पाणी निवल्यावर खालचे झाकण उघडावे आणि फिल्टर धुवावा. आत साचलेले पाणी बाहेर येते, म्हणून खाली पसरट भांडे हवे. मग दाराच्या रबराची घडी उलटून पुसावी. शेवटी ड्रम रिकामा ठेवून ६० अंश किंवा त्याहून गरम पाण्याची फेरी ऑक्सिजन ब्लीच घालून चालवावी. व्हिनेगर आणि क्लोरीनचे ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

एवढे करूनही वास राहिला, तर निचऱ्याची नळी तपासावी. ती गटाराच्या पाइपात फार खोल गेली असेल, तर घाण पाणी मशीनमध्ये उलट येऊ शकते.