मटारची शेंग आणि चौथी सीट

'गर्दीच्या गाडीत भेटलेला अनपेक्षित मित्र' हा विषय शाळेत कथालेखनाला आला की बरीच मुलं सकाळी उठण्यापासून सुरुवात करतात. दात घासणं, डबा, रिक्षा यांतच अर्धं पान संपतं. मग मित्र भेटतो तो घाईघाईत, आणि 'तो खूप प्रेमळ होता' एवढ्यावर त्याची बोळवण होते. माझ्या मते अशी कथा गाडीतच सुरू व्हावी, तीही काहीतरी अडल्यावर.

डोंबिवलीहून दादरला जाणारी जलद लोकल घेऊ. बायकांच्या डब्यात दहा वर्षांची मीरा आणि तिची मावशी चढतात. गर्दीच्या रेट्यात मावशी दाराशीच अडकते, मीरा आत ढकलली जाते. तिथे तिघींच्या बाकावर चौथ्या सीटच्या कोपऱ्यावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत बसल्यात. मीराचा धक्का लागतो तशा त्या खेकसतात, "नीट उभी राहा गं!" आता मीराला त्यांची भीती वाटते आणि वाचकालाही. ही भीती आधी आली तरच पुढची मैत्री अनपेक्षित ठरेल. पहिल्याच वाक्यात बाई हसल्या, तर कथेला जायला जागाच उरत नाही.

ठाण्याला आणखी बायका चढतात. पिशवी कलंडते, शेंगा पायांत जातात. मीरा वाकून हाताला लागतील तेवढ्या गोळा करते. बाई आभार मानत नाहीत, मूठभर शेंगा तिच्या हातात देऊन म्हणतात, "सोल." पुढे दोघींची चढाओढ लागते, कोणाच्या शेंगेत जास्त दाणे? मीराला नऊ दाण्यांची सापडते. मैत्री झाली असं कुठेही लिहावं लागत नाही, कारण वाचक दोघींचे हात बघतो आहे.

गर्दी इथे नुसतं वर्णन म्हणून येत नाही. ती मावशीला दूर ठेवते, पिशवी सांडते, दोघींना हलू देत नाही. ती काढून टाकली तरी कथा तशीच घडत असेल, तर काहीतरी चुकलं आहे. स्टेशनांचाही असाच उपयोग होतो. घाटकोपर गेलं, कुर्ला आलं, म्हणजे वेळ संपत आली, हे वेगळं सांगायला नको.

कुर्ला सुटताच बाई म्हणतात, "आता दाराकडे सरक. पुढचीला विचार, दादर ना? हो म्हणाली तर तिच्या मागेच राहा." रोज लोकलने जाणाऱ्या बाईचं हे शहाणपण आहे. 'काळजी घे बाळा' हे वाक्य कोणाच्याही तोंडी चाललं असतं.

दादरला मीरा उतरते, मावशीचा हात धरते आणि कथा तिथेच थांबते. पुन्हा भेटीचा योगायोग नको. परीक्षेत तात्पर्य मागितलं असेल तर शेवटी एका ओळीत वेगळं लिहावं, बाईंच्या तोंडी घालू नये. शीर्षक 'खरी मैत्री' दिलं, तर खेकसणाऱ्या बाईंचं पुढे काय होणार हे आधीच फुटतं. 'नऊ दाणे' चालेल.