शर्यत घाटात, निकाल सातव्या अनुसूचीत

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळच्या पट्ट्यात गुलाल उधळला गेला. कित्येक वर्षे ओस पडलेले घाट पुन्हा साफ होऊ लागले. गोठ्यातल्या खोंडांच्या किमतीवर पुन्हा पारावर चर्चा रंगल्या. गाडामालकांच्या दृष्टीने विषय सोपा होता: बंदी होती, ती उठली. पण बंदी कोणी घातली होती आणि ती उठवायचा अधिकार कोणाचा होता, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या वर्गात विचारला तर तास पुरणार नाही. कारण या शर्यतींच्या कोर्टकचेरीत भारतीय संघराज्याची सगळी यंत्रणा कामाला लागली होती.

शाळेच्या पुस्तकात हा धडा तीन सूच्यांपुरता असतो. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन हे विषय संघसूचीत, त्यांवर कायदे संसद करते. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती हे राज्यसूचीत, त्यांवर कायदे विधानमंडळ करते. शिक्षण, विवाह, करार, कामगार कल्याण असे विषय समवर्ती सूचीत, त्यांवर दोघांनाही कायदे करता येतात. कोणत्याच सूचीत न बसणारा विषय, म्हणजे शेषाधिकार, केंद्राकडे. मूळ संविधानात या सूच्यांमध्ये अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. तीन सूच्यांची ही मांडणी १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आली आणि संविधानाच्या सातव्या अनुसूचीत स्थिरावली. परीक्षेत ‘जोड्या लावा’ सोडवायला एवढे पुरते. खरी गंमत पुढे सुरू होते, कारण गावातली कुठलीही गोष्ट एकाच नोंदीत बसत नाही.

एक विषय, पाच नोंदी

बैलगाडा शर्यतच घ्या. शर्यत होते गावच्या यात्रेत. बाजार आणि जत्रा ही राज्यसूचीतली २८ वी नोंद आहे. शर्यत हा खेळ आहे. खेळ आणि करमणूक ही ३३ वी नोंद, तीही राज्याचीच. बैल हे पशुधन; पशुधनाचे जतन आणि सुधारणा ही १५ वी नोंद, पुन्हा राज्याची. घाटाच्या दोन्ही बाजूंना हजारोंची गर्दी लोटते, म्हणजे बंदोबस्त लागतो. पोलीस ही दुसरी नोंद, राज्याचीच. इथवर पाहिले तर केंद्राचा यात संबंध काय, असे कोणीही म्हणेल.

संबंध येतो पाचव्या नोंदीमुळे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत सतराव्या क्रमांकावर आहे. त्या आधारावर संसदेने १९६० साली कायदा केला. प्राण्याला मारहाण करणे, त्याच्या ताकदीबाहेर पळवणे, विनाकारण वेदना देणे हे त्या कायद्याने गुन्हे ठरवले. त्याच्या २२ व्या कलमाने केंद्र सरकारला आणखी एक अधिकार दिला: कोणत्या प्राण्यांना खेळ करून दाखवण्यासाठी शिकवता किंवा वापरता येणार नाही, हे अधिसूचना काढून ठरवण्याचा. अस्वल, माकड, वाघ आणि सिंह त्या यादीत आधीपासून होते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने त्यांच्या पंगतीला बैल येऊन बसला. संसदेत नवा कायदा झाला नाही, विधानसभेत चर्चा झाली नाही, तरी बैल पळवणे अडचणीत आले.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तमिळनाडूतला जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती, दोन्ही बेकायदा ठरल्या. या खटल्यातला एक तपशील वर्गात फळ्यावर लिहावा असा आहे. तमिळनाडूने २००९ मध्येच जल्लिकट्टूचे नियमन करणारा स्वतःचा कायदा केला होता. विधानसभेने तो रीतसर मंजूर केला होता, विषय समवर्ती सूचीतला होता, म्हणजे राज्याला अधिकारही होता. तरी न्यायालयाने तो रद्द केला.

का? उत्तर आहे अनुच्छेद २५४ मध्ये. समवर्ती विषयावर केंद्राचा एक कायदा आणि राज्याचा दुसरा, आणि दोन्ही एकाच वेळी पाळणे अशक्य, अशी वेळ आली तर केंद्राचा कायदा टिकतो. राज्याचा कायदा जेवढ्या भागात त्याच्या आड येतो तेवढा भाग निष्प्रभ होतो. केंद्र म्हणते बैलाला असे पळवू नका, राज्य म्हणते अमुक अटींवर पळवा. यात राज्य हरले.

दुसऱ्या खंडातली वाट

पण अनुच्छेद २५४ ला दुसरा खंडही आहे, आणि सगळी कहाणी तिथे फिरते. राज्याने केलेला असा कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवला गेला आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर केंद्रीय कायद्याशी विसंगत असूनही तो त्या राज्यापुरता चालतो. २००९ च्या तमिळनाडूच्या कायद्याला ही संमती नव्हती.

२०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने आधी सोपा उपाय करून पाहिला. नवी अधिसूचना काढून जल्लिकट्टू आणि काही राज्यांतल्या शर्यतींसाठी बैलाला सूट दिली. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच तिला स्थगिती दिली. पुढच्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांचा मोठा जमाव ठाण मांडून बसला. आधी अध्यादेश आला, मग २३ जानेवारी २०१७ रोजी विधानसभेने विधेयक मंजूर केले आणि महिना संपण्याआधी राष्ट्रपतींची संमती मिळाली.

यावेळी तमिळनाडूने वेगळा कायदा केला नव्हता. १९६० च्या केंद्रीय कायद्यातच राज्यापुरती दुरुस्ती केली होती: क्रूरतेच्या व्याख्येतून जल्लिकट्टू वगळला होता. महाराष्ट्रानेही तोच मार्ग धरला. एप्रिल २०१७ मध्ये विधानमंडळाने दुरुस्ती विधेयक मंजूर केले, जुलैत राष्ट्रपतींची संमती आली. परंपरा जपण्यासाठी आणि देशी गोवंशाची शुद्धता टिकावी म्हणून, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने आणि बैलाला वेदना न देता घेतलेली शर्यत, ही महाराष्ट्रापुरती गुन्ह्याबाहेर गेली. आज त्या जुन्या कायद्याचे पुस्तक उघडले तर मूळ कलमांखाली ‘महाराष्ट्र राज्य दुरुस्ती’ अशा शीर्षकाचा मजकूर दिसतो. संघराज्य डोळ्यांनी पाहायचे तर ते असे दिसते: कायदा एकच, पण घाट ओलांडून शेजारच्या राज्यात गेले की त्याचे शब्द बदलतात.

इथे वर्गात एक गैरसमज हमखास निघतो. राष्ट्रपतींची संमती म्हणजे राष्ट्रपतींची वैयक्तिक पसंती, असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. म्हणजे राज्याला केंद्राच्या कायद्यातून सवलत हवी असेल तर ती अखेर केंद्राच्याच हातून घ्यावी लागते. शिवाय राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय घ्यावा, याची मुदत संविधानाच्या मजकुरात दिलेली नाही. विधेयक आठवड्यात परत येऊ शकते, वर्षानुवर्षे पडूनही राहू शकते. या सवलतीत राज्यांना स्वतःचे वळण देण्याची मुभा आहे आणि दिल्लीचा वरचष्माही आहे.

संमती मिळाली म्हणून शर्यती लगेच सुरू झाल्या असेही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पुन्हा रोखल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडू आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्यांचा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे पाठवला. दरम्यान तमिळनाडू आणि कर्नाटकात तशाच कायद्यांखाली खेळ चालू होते, महाराष्ट्रात मात्र बंद. मग एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे असे कसे, या मुद्द्यावर २०२१ च्या डिसेंबरातला तो अंतरिम आदेश मिळाला.

१८ मे २०२३ रोजी घटनापीठाने अंतिम निकाल दिला. न्यायालयाने आधी पाहिले की या दुरुस्त्यांचा खरा गाभा कोणता. तो गाभा समवर्ती सूचीतल्या सतराव्या नोंदीत, म्हणजे प्राण्यांवरील क्रूरतेच्या विषयात बसतो, म्हणून राज्यांना कायदा करण्याचा अधिकार होता. राष्ट्रपतींची संमती होती, म्हणून विसंगतीचा आक्षेप उरला नाही. खेळ हा संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे विधिमंडळाने ठरवायचे, न्यायालय त्यात पडणार नाही, असेही पीठाने म्हटले. दुरुस्त्या वैध ठरल्या. त्यांतल्या अटी मात्र काटेकोर पाळायला हव्यात आणि ती जबाबदारी जिल्हाधिकारी व इतर अधिकाऱ्यांची, असेही बजावले.

संमतीही कायमची नसते

हा निकाल वाचून राष्ट्रपतींची संमती म्हणजे राज्याला कायमचे अभय, असे कोणी समजू नये. त्यासाठी महाराष्ट्राचेच दुसरे उदाहरण आहे. घरबांधणीत ग्राहकांची फसवणूक थांबावी म्हणून महाराष्ट्राने २०१२ मध्ये गृहनिर्माण नियमनाचा कायदा मंजूर केला आणि २०१४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळवली. मग २०१६ मध्ये संसदेने स्थावर संपदा कायदा केला, ज्यातून पुढे ‘महारेरा’ उभे राहिले. त्या केंद्रीय कायद्याच्या ९२ व्या कलमात एकच वाक्य आहे: महाराष्ट्राचा तो कायदा निरसित करण्यात येत आहे. संमती मिळालेला राज्याचा कायदा संसदेला नंतर बदलता किंवा रद्द करता येतो, हे अनुच्छेद २५४ च्या दुसऱ्या खंडातच लिहिले आहे.

पश्चिम बंगालने उलटी चूक केली. २०१७ मध्ये त्याने केंद्राच्या कायद्याशी मिळताजुळता स्वतःचा गृहनिर्माण कायदा केला, पण राष्ट्रपतींची संमती घेतली नाही. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. कायद्यातली कलमे बहुतांशी सारखीच असूनही उपयोग झाला नाही, कारण संसदेने ज्या विषयावर सर्वंकष कायदा केला आहे तिथे राज्याने समांतर दुकान थाटणे हेदेखील विसंगतच मानले जाते.

शिक्षकांनी ही तीन प्रकरणे शेजारी शेजारी मांडावीत आणि मुलांना चार प्रश्न विचारावेत. विषय कोणत्या सूचीत आहे? त्यावर केंद्राचा कायदा आहे का? दोन्ही कायदे एकत्र पाळता येतात का? येत नसतील तर राष्ट्रपतींची संमती आहे का? पुढच्या वेळी वर्तमानपत्रात ‘केंद्र विरुद्ध राज्य’ असा मथळा दिसला की हेच चार प्रश्न क्रमाने लावून पाहावेत. भांडण राजकारणाचे किती आणि अधिकाराचे किती, हे मुलांना आपापले शोधता येईल. महाराष्ट्रातल्या शर्यतींपुरते उत्तर आजघडीला असे आहे: संसद कायदा बदलत नाही तोवर त्या वैध, आणि प्रत्येक शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक.