रेडियन म्हणजे नेमका किती कोन? सुतळीनं मोजून बघा

परभणी जिल्ह्यातल्या बोरीत अकरावीच्या मुलांना रेडियन शिकवायचा असेल, तर मैदानात एक खुंटी, ताण दिला तरी लांबत नाही अशी सुतळी आणि थोडी फक्की एवढं पुरे.

खुंटीभोवती 50 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ आखा. तेवढ्याच लांबीची सुतळी कापून परिघाच्या रेषेवर वळणासह बसवा. तिची दोन्ही टोकं खुंटीशी जोडली की खुंटीपाशी होणारा कोन म्हणजे 1 रेडियन.

घोळ इथेच होतो. मुलं सुतळी दोन बिंदूंमध्ये सरळ ताणतात. मग ती जीवा होते, कोन बरोबर 60 अंशांचा येतो आणि सहा वेळांत फेरी पूर्ण होते. रेषेवरून वळवत नेली, तर सहा वेळांनंतरही सुमारे 14 सेंमी परीघ उरतो. तो उरला, तरच सुतळी नीट बसली समजा. कारण पूर्ण फेरी 6.28 त्रिज्यांची, म्हणजेच 2π. त्रिज्या 1 मीटर घेतली तर 28 सेंमी उरतील, कोन मात्र तोच.

360 भागिले 6.28, म्हणजे सुमारे 57.3 अंश. एका अंशाच्या 60 कला धरल्या, तर 3438 कला. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त आजच्या साइनसारख्या ‘ज्यां’साठी त्रिज्या धरली, तीही 3438!