दरफरकाची बेरीज आणि वीस कोटी नोंदी

दिवाळीच्या तोंडावर दूध संघाच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो : तीन वर्षांपूर्वी मला जो दरफरक मिळाला, तो कोणत्या लिटरवर आणि कोणत्या रकमेवर काढला होता? उत्पादकाकडे तेव्हाची छापील पावती असते. संगणकाने आज काढलेली बेरीज त्या पावतीशी पैशापर्यंत जुळली, तरच उत्तर पटतं. जुन्या नोंदी चालू टेबलातून हलवायची वेळ येते तेव्हा खरी परीक्षा या बेरजेची असते.

समजा, एका संघाचे 40,000 उत्पादक आहेत. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा दूध घातलं जातं आणि प्रत्येक वेळी लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम अशी एक नोंद होते. वर्षाला 2 कोटी 92 लाख नोंदी आणि सात वर्षांत वीस कोटींच्या वर. दहा दिवसांचं बिल काढायला त्यातल्या फक्त आठ लाख लागतात. तरीही बिल रखडतं, कारण उत्पादकाच्या क्रमांकावरचा इंडेक्स एव्हाना मेमरीत मावत नाही. रोज सकाळी येणारी प्रत्येक नोंद त्याच्या वेगळ्याच पानावर जाऊन बसते आणि ते पान दर वेळी डिस्कवरून आणावं लागतं. रात्रीचा बॅकअप पहाटेच्या संकलनात घुसतो तो वेगळाच. सुरुवातीला तारखेवरचा इंडेक्स नीट आहे का, हे जरूर पाहावं. अनेकदा तेवढ्यानेच काम भागतं आणि नोंदी हलवाव्याच लागत नाहीत.

हलवायच्याच ठरल्या, तर पहिला मोह होतो तो जुन्या नोंदी दुसरीकडे उतरवून इथून डिलीट करण्याचा. पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेली नोंद लगेच जात नाही, ती फक्त मृत ठरते. नंतरच्या साफसफाईत तिची जागा नव्या नोंदींसाठी मोकळी होते, पण टेबलाची फाइल सहसा लहान होत नाही. दहा कोटी नोंदी एकाच दमात डिलीट केल्या, तर तितकाच मोठा लॉग लिहिला जातो आणि प्रतिसर्व्हर मागे पडतो. म्हणून टेबलाचे महिन्यागणिक भाग, म्हणजे पार्टिशन, करून ठेवणं चांगलं. जुना महिना मग एका आज्ञेने अलग होतो. ही सोय आवृत्ती 14 पासून आहे :

```sql
ALTER TABLE dudh_nond
  DETACH PARTITION dudh_nond_2021_04 CONCURRENTLY;
```

आधीचं टेबल अखंड असेल, तर नवं पार्टिशन केलेलं टेबल उभारून नोंदी टप्प्याटप्प्याने त्यात न्याव्या लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

हा झाला वेगाचा भाग. बेरीज बिघडते ती वेगळ्या कारणांनी. नोंदीत फक्त लिटर, फॅट आणि एसएनएफ ठेवून रक्कम दर वेळी दरपत्रकाशी जोडून काढली जात असेल, तर नोंदी जशाच्या तशा जपूनही उपयोग नाही. दरपत्रक बदललं की मागची रक्कम बदलते. म्हणून त्या दिवशी लागलेला दर, त्यावरून ठरलेली रक्कम आणि दरपत्रकाचा क्रमांक नोंदीतच लिहिलेला हवा, आणि उत्पादक तेव्हा कोणत्या संस्थेत होता हेही. रक्कम कुठे पूर्णांकित केली, यालाही महत्त्व आहे. 8.5 लिटर गुणिले 34.35 म्हणजे 291.975. नोंदीलाच पूर्णांकन केलं तर 291.98. दहा दिवसांच्या वीस नोंदी अगदी सारख्या असतील, तर एका पद्धतीने 5839.60 रुपये होतात आणि शेवटी एकदाच पूर्णांकन केलं तर 5839.50. दहा पैशांचा हा फरक पावतीवर दिसतो आणि विश्वास तिथेच डळमळतो.

सर्वांत घातक असते ती मागाहून केलेली दुरुस्ती. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत एका संस्थेचं फॅट मशीन कमी दाखवत होतं, हे मे महिन्यात कळलं असं धरू. वरच्या उत्पादकाचा दर 34.35 ऐवजी 34.95 हवा होता. मार्चची नोंद उघडून दर बदलला, तर वाटप झालेल्या बिलाची बेरीज कायमची हरवते. त्याऐवजी मे महिन्यात फरकाची नवी नोंद टाकायची : लिटर शून्य, रक्कम 5.10, कारण 297.08 वजा 291.98 तेवढेच होतात. या नोंदीला दोन तारखा असतात. संकलन दिनांक 21 मार्च, म्हणजे दूध कधीचं. हिशेब दिनांक 12 मे, म्हणजे ते पुस्तकात कधी आलं.

या दोन तारखांवर सगळं उभं आहे. गेल्या वर्षाच्या दुधाची 31 मार्चला दिसणारी बेरीज हवी असेल, तर हिशेब दिनांक त्या दिवसापर्यंतचा घ्यायचा; दरफरक काढताना 31 ऑगस्टची हवी असेल, तर तिथपर्यंतचा. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही पुन्हा निघतात. पार्टिशनही हिशेब दिनांकावरच करायचे, असा माझा आग्रह आहे. संकलन दिनांकावर केले, तर मेमधली ही नोंद मार्चच्या भागात शिरायला जाईल आणि तो भाग अभिलेखात गेलेला असेल तर तिला जागाच मिळणार नाही. हिशेब दिनांकाचा महिना बंद केला की त्यात नवं काही येत नाही.

अलग करण्याआधी ताळा घ्यावा. वर्षाचा एकच आकडा पाहून भागत नाही, कारण एका संस्थेची तूट दुसरीच्या वाढीने झाकली जाते.

```sql
SELECT sanstha_id, count(*), sum(litre), sum(rakkam)
FROM dudh_nond
WHERE hishob_dinank >= '2021-04-01'
  AND hishob_dinank <  '2021-05-01'
GROUP BY sanstha_id;
```

हेच अभिलेखाच्या प्रतीवर चालवून ओळीला ओळ भिडवायची. मूळ बिलाच्या छापील बेरजांशीही ताडून पाहायचं, नाहीतर दोन्ही प्रती सारख्याच चुकलेल्या असू शकतात. महिन्याच्या पहिल्या दिवशी काही नोंदी आधीच्या महिन्यात सरकलेल्या दिसल्या, दोन महिन्यांची एकत्र बेरीज मात्र जुळली, तर वेळेच्या पट्ट्याचा संशय घ्यावा. वेळ यूटीसीत साठवून त्यावरूनच तारीख काढली, तर पहाटे साडेपाचच्या आधी घातलेलं दूध आदल्या दिवशी मोजलं जातं, आणि गावाकडे संकलन अशाच वेळी सुरू होतं.

भाग अलग झाल्यावर एक गोष्ट नजरेतून सहज सुटते. जुना अहवाल मूळ टेबलावर चालवला, तर तो कोणतीही चूक न दाखवता कमी बेरीज देतो. निघून गेलेल्या महिन्याबद्दल संगणक तक्रार करत नाही. म्हणून अहवालांना मूळ टेबल आणि अभिलेख जोडणाऱ्या व्ह्यूवरूनच वाचायला लावावं, किंवा ठरावीक तारखेआधीचा काळ मागितला तर पडद्याने सरळ नकार द्यावा.

केवळ सारांशाचं टेबल ठेवून मूळ नोंदी टाकून द्याव्यात, असा सल्लाही मिळतो. सारांश जलद असतो, तो ठेवावाच. पण महिन्याच्या सरासरी फॅटवरून वर्षाची सरासरी निघत नाही. त्यासाठी लिटर गुणिले फॅट अशी बेरीज जपलेली हवी. वर्षभरात किती वेगळ्या उत्पादकांनी दूध घातलं, हे महिन्यांच्या संख्या मिळवून कधीच कळत नाही. आणि पावती घेऊन आलेल्या उत्पादकाला 21 मार्चच्या सकाळी त्याच्या दुधाची फॅट किती लागली, हे फक्त मूळ नोंदच सांगू शकते.