केशर-बदाम दूध : निकाल वाटणातच लागतो

महाड-पोलादपूरकडे कोजागरीला गच्चीवर, अंगणात आटवलेले केशर-बदाम दूध असतेच, आणि त्याच्या तक्रारीही ठरलेल्या : गुठळ्या राहिल्या, वर साय धरली, तळाचा घोट रवाळ लागला. बोल लावला जातो आचेला नाहीतर दुधाला. माझे मत असे की गुठळी आणि रवाळपणा यांचा निकाल पातेले गॅसवर चढण्याआधीच, वाटणात लागतो; सायीचे कारण निराळे आहे.

पावसाळाभर डब्यात राहिलेले बदाम इथल्या दमट हवेत मऊ पडतात. ते कोरडेच मिक्सरमध्ये फिरवले की भांडे तापते, तेल सुटते आणि पुडीऐवजी चिकट गोळा होतो. हा गोळा उकळत्या दुधात पडला की त्याचा बाहेरचा थर आधी घट्ट होतो आणि आतले वाटण सुटतच नाही. म्हणून लिटरभर दुधाला पंचवीस-तीस बदाम घ्यावेत, रात्रभर भिजवून सोलावेत. तपकिरी साल राहिली तर तिचे कण कितीही वाटले तरी जिभेला लागतात. पहिल्यांदा दोन-तीन चमचे गार दुधातच वाटावे. दूध जास्त झाले तर बदामाचे तुकडे पात्याला चुकवून फिरत राहतात. चिमूटभर वाटण दोन बोटांत चोळून पाहावे : कण लागला तर मिक्सर थोडा थांबवून पुन्हा फिरवावा. मऊ झाल्यावरच वाटीभर गार दूध घालून ते ओतण्याजोगे सैल करावे. दूध आटून साधारण पाऊण लिटरवर आले की आच मंद करून हे वाटण बारीक धारेने सोडावे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. मग सात-आठ मिनिटे तळ खरवडत शिजवले की कच्चा वास जातो. कोमट दुधात खलून ठेवलेले केशर आणि साखर त्यानंतर घालावी.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, शेवटी गाळून घ्यावे. गाळल्याने रवाळपणा जातो हे खरे, पण दुधाला दाटपणा देणारा बदामही गाळणीत अडकतो. गाळायचेच तर सैल केलेले वाटण गाळावे आणि वर उरलेला चोथा पुन्हा वाटावा. तयार मसाल्याची पूड सोयीची आहे, पण तिच्यातले भरड कण दुधात फुगतात, विरघळत नाहीत.

राहिली साय. गरम दुधाच्या पृष्ठभागावरचे पाणी उडते, तिथली प्रथिने आणि स्निग्धांश दाटून त्यांचा पापुद्रा होतो. बासुंदीत तो हवाच असतो. पेल्यात तो ओठाला चिकटतो. चांदणे पडावे म्हणून पातेले उघडे ठेवण्याची रीत सायीला आयतीच संधी देते. ही रीत मोडायची गरज नाही. नैवेद्यापुरती वाटी चांदण्यात ठेवावी, बाकीचे दूध झाकून ठेवून अधूनमधून ढवळावे आणि देताना दोन भांड्यांत वरून ओतून फेसाळ करावे. बारीक वाटलेला बदामही थोडा तळाशी बसतोच, म्हणून प्रत्येक पेला भरण्याआधी पळी तळापर्यंत फिरवा.