घरातले विधी – ९ : नव्या गाडीची पूजा

गेल्या आठवड्यात वास्तुशांत पाहिली. गाडीची पूजा तिच्यापुढे अगदी आटोपशीर. बहुतेक घरांत गुरुजींशिवायच ती दहा-पंधरा मिनिटांत उरकते, कधी शोरूमच्या दारात तर कधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पण नीट पाहिलं तर तिच्यात दोन वेगळे विधी एकमेकांत मिसळलेले दिसतात. एक पूजा, दुसरा दृष्ट काढणं. पहिल्यात बोलायचं बरंच असतं, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नसतं.

दसऱ्याला घरी आलेली स्कूटर उदाहरणाला घेऊ. (पाडवा, अक्षय्य तृतीया, बलिप्रतिपदा हे दिवसही चालतात, अमावास्येला मात्र गाडी आणायला सहसा कोणी तयार होत नाही.) गाडी ओल्या फडक्याने पुसून शक्यतो पूर्वेकडे तोंड करून उभी करायची. ताम्हनात हळद, कुंकू, अक्षता, फुलं, विड्याची दोन पानं, सुपारी, सुटं नाणं, उदबत्ती, निरांजन आणि पेढे. पानावरची सुपारी म्हणजे गणपती. त्याला आधी गंध-फूल वाहून मगच गाडीकडे वळायचं.

गुरुजी असले तर ते यजमानाच्या हातावर पाणी घालून संकल्प सांगतात. त्यात शालिवाहन शक, तिथी, वार, गोत्र आणि नाव येतं, शिवाय जागाही येते. पुण्यातला यजमान असेल तर ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’, नदीच्या पलीकडचा असेल तर ‘उत्तरे तीरे’. आरटीओचा नंबर अजून पडलेला नसला तरी गाडीचा पत्ता असा गोदावरीच्या काठावरून ठरलेला असतो.

स्कूटरसाठी वेगळा प्राचीन मंत्र असणार कुठून? तिथे नाममंत्र कामाला येतो. ‘श्री वाहनदेवतायै नमः’ म्हणायचं आणि त्यापुढे जे वाहतो त्याचा उल्लेख करायचा: ‘गंधं समर्पयामि’, ‘पुष्पं समर्पयामि’, मग धूप, दीप आणि नैवेद्य. हीच पंचोपचार पूजा. एवढंही येत नसेल तर ‘वक्रतुंड’ म्हणून ‘गणपती बाप्पा मोरया’चा गजर करतात, आणि माझ्या मते त्यात काही उणं राहत नाही.

हेडलाइटखाली अनामिकेने ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात, त्याच्या चार घरांत चार ठिपके देतात, वर हळद-कुंकू आणि अक्षता वाहतात. हँडलला झेंडूचा हार घालतात. निघण्याआधी तो काढावा किंवा आखूड बांधावा; लोंबता हार पुढच्या चाकात जातो, नाहीतर दिवा झाकतो. निरांजन ओवाळताना पेट्रोलचं झाकण उघडं नाही ना, हे पाहावं. सीट उघडून ‘आतली जागा केवढी’ हे पाहुण्यांना दाखवायची हौस नंतर भागवावी. घरातल्या थोरल्या बाईने गाडीला आणि चालवणाऱ्याला औक्षण केलं, किल्ली देवासमोर ठेवून पेढा दाखवला, की पूजा संपली.

पुढे येतो नारळ, आणि इथे विधी बदलतो. नैवेद्याचा नारळ देवाला दाखवून फोडतात आणि त्याचं खोबरं वाटतात. गाडीवरून ओवाळून चाकापुढे फोडलेला नारळ मात्र उतरवून टाकलेला असतो, त्यामुळे जुन्या वळणाच्या घरांत तो खात नाहीत. अनेक ठिकाणी आज एकाच नारळावर दोन्ही कामं भागवतात आणि मग त्याचं खोबरं खायचं की नाही यावर आजी-सुनेची चर्चा रंगते. दोन नारळ आणले की प्रश्न मिटला. फोडायचा तो बाजूच्या दगडावर. करवंटीचे तुकडे टायरखाली येऊ नयेत म्हणून लगेच गोळा करावेत.

लिंबांचंही तसंच. मोटारीच्या चार चाकांखाली चार, स्कूटरला दोन. स्कूटर मधल्या स्टँडवर असताना लिंबं ठेवली तर मागचं चाक अधांतरी असतं. लिंबू चिरडत नाही आणि थ्रॉटल पिळला की चाक हवेतच गरगरतं. गाडी आधी स्टँडवरून खाली घ्यावी, मग चाकांना लागून लिंबं ठेवावीत आणि हळू पुढे न्यावी. या वेळी मंत्र नाही. फार तर कोणी ‘इडापिडा टळो’ म्हणतं. चिरडलेल्या लिंबांना हात लावायचा नाही आणि मागे वळून पाहायचं नाही, एवढाच नियम. गाडीला बांधायची लिंबू-मिरची, बिब्बा घातलेली, याच खात्यातली. तिचा पूजेशी संबंध नाही, म्हणूनच ती देवासमोर न ठेवता थेट पुढे खाली बांधतात आणि दर शनिवारी बदलतात.

गाडी पांढरी असेल तर कुंकू-हळद सुकायच्या आत साध्या पाण्याने पुसून घ्यावी. हळदीच्या डागावर साबण लावला तर तो लालसर होतो आणि घरातले कुंकवाला दोष देत बसतात.