एकाच इअरफोनचे दोन आवाज

ब्लूटूथ इअरफोन तोच, गाणंही तेच. एका फोनला जोडला तर आवाजाची पट्टी निम्म्यावर नेली तरी जेमतेम ऐकू येतं. दुसऱ्या फोनला जोडला की पहिल्याच पायरीवर कान किटतात. इअरफोन बिघडला असं वाटतं खरं, पण बऱ्याचदा बिघाड कशातच नसतो. आवाज कमी-जास्त नेमकं कोण करतंय, एवढाच प्रश्न असतो.

जुन्या पद्धतीत हे काम दोघंही करतात. फोन गाण्याचा सिग्नल आधीच बारीक करून पाठवतो आणि इअरफोन स्वतःच्या बटणांनुसार तो पुन्हा कमी-जास्त करतो. टाकीचा कॉक अर्धा बंद असेल तर नळ पूर्ण सोडूनही धार बारीकच येणार, तसं हे.

‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’मध्ये दोन्ही पट्ट्या एक होतात. फोन गाणं पूर्ण ताकदीनं पाठवतो आणि सोबत ० ते १२७ मधला एक आकडा कळवतो. आवाज कमी करायचं काम एकट्या इअरफोनचं. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५च्या ६.० आवृत्तीपासून आहे.

गोची त्या आकड्यातच आहे. पट्टीला पंधरा पायऱ्या असलेल्या फोनवर पहिली पायरी म्हणजे साधारण ८, सातवी म्हणजे ५९. पण ५९ म्हणजे किती डेसिबल, हे कुठेच ठरलेलं नाही. ते इअरफोन बनवणारा ठरवतो. त्यानं ८ या आकड्यालाच दणदणीत आवाज नेमला असेल, तर फोनवर त्याहून खाली फक्त शून्य उरतं. काही स्वस्त उपकरणं आकडा स्वीकारतात आणि चक्क दुर्लक्ष करतात. मग पट्टी हलते, आवाज मात्र ढिम्म.

ओळखायची खूण सोपी आहे. इअरफोनवरचं आवाजाचं बटण दाबावं. फोनच्या पडद्यावरची पट्टीही सरकली, तर दोन्ही जोडलेल्या आहेत.

अँड्रॉइडवर ही जोडणी तोडता येते. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीतल्या Build number वर सात वेळा टिचकी मारली की Developer options उघडतात; तिथे Disable absolute volume सुरू करायचं आणि इअरफोन तोडून पुन्हा जोडायचा. त्याआधी इअरफोन कानातून काढावा, कारण पहिलं गाणं कोणत्या आवाजात सुरू होईल याचा नेम नसतो. आता इअरफोनचा आवाज त्याच्या बटणांनी एकदा बेताचा ठेवला, की फोनच्या पंधराही पायऱ्या कामाला येतात.

इअरफोनला आवाजाची बटणंच नसतील तर मात्र हा उपाय अंगाशी येऊ शकतो: तो एखाद्या खालच्या पातळीवर अडकला, तर फोनवरून वर काढता येत नाही. शिवाय हा बदल त्या फोनला जोडलेल्या प्रत्येक ब्लूटूथ उपकरणाला लागू होतो, त्यामुळे इअरफोन सुधारला तरी स्पीकर अचानक दबका वाजू लागतो. फोनवरच्या बोलण्याच्या आवाजात यानं फरक पडत नाही. त्याची पट्टी आणि वाट दोन्ही वेगळ्या.